नोकरीसाठी पैसे मागितले तर थांबा

सभासदहो, विमानतळावर ग्राउंड स्टाफची नोकरी देतो, असे सांगणाऱ्या फोनपासून सावध राहा. आधी रजिस्ट्रेशनचे पाचशे-हजार मागतात, 'परत मिळतील' म्हणतात. ते भरले की शिक्का मारलेले ऑफर लेटर येते, मग गणवेश, मेडिकल, ट्रेनिंग असे आकडे वाढत जातात. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत राहतो, तिथेच तो अडकतो.

यूपीआयवर कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले, तर पैसे पाठवू नका. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम ठगाच्या खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

नोकरी शोधणाऱ्या भावा-बहिणीला, भाच्याला हे आजच पाठवा.