नंजनगूडहून मराठीत

मिरज,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं आणि त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना. तू लिहिलंस की माणदेश, कोकण, वऱ्हाड यांच्या कथा तुला जीव की प्राण, पण दुसऱ्या भाषेतून आलेली कादंबरी हातात घेतली की त्यातली माणसं कुठल्याच गावची वाटत नाहीत. तुझी तक्रार खरी आहे. फक्त तिचा दोष सरसकट अनुवादाला लावू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र लिहितो आहे. आणि त्यासाठी मला कर्नाटकातल्या एकाच गावाबद्दल बोलायचं आहे.

म्हैसूरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी नंजनगूड आहे. श्रीकंठेश्वराचं मोठं देऊळ, देवळापासून नदीपर्यंत उतरणारा घाट, आणि म्हैसूरला जाणारी रेल्वे. एस. एल. भैरप्पा यांची 'वंशवृक्ष' ही कादंबरी इथे घडते. कन्नडमध्ये ती १९६५ साली आली आणि मराठीत उमा कुलकर्णी यांनी आणली. या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण पुरस्कारापेक्षा तो अनुवाद कसा झाला, हे तुला सांगण्यासारखं आहे.

उमाताई बेळगावच्या, मराठीत वाढलेल्या. पती विरूपाक्ष यांची भाषा कन्नड, आणि संसार पुण्यात. कन्नड लिपी वाचणं हा त्यांचा मार्ग नव्हता. विरूपाक्ष मूळ पुस्तक मोठ्याने वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, आणि त्या ते ऐकत ऐकत मराठीत लिहायच्या. विरूपाक्ष स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करायचे, म्हणजे घरात दोन्ही बाजूंनी ये-जा. 'संवादू अनुवादू' या आत्मकथनात हे सगळं आलं आहे, जमलं तर तेही वाच. आता विचार कर, या पद्धतीने काय घडतं? कागदावरचं वाक्य डोळ्यांनी उचलून जसंच्या तसं इकडे ठेवण्याचा मोहच उरत नाही. कानावर पडतो तो माणसाचा आवाज: कुठे थांबला, कुठे चिडला, कुठे शब्द गिळला. मग मराठीत जे वाक्य येतं तेही कुणीतरी बोलल्यासारखंच येतं. तू ज्या गावाकडच्या कथांवर प्रेम करतोस, त्यांचा मूळ गुण तरी दुसरा काय आहे?

आता कादंबरीकडे. श्रीनिवास श्रोत्री हे नंजनगूडमधले विद्वान, धर्मशास्त्र जाणणारे आणि तसंच जगणारे गृहस्थ. त्यांचा एकुलता एक मुलगा कपिलेच्या पुरात वाहून जातो. मागे राहते तरुण सून कात्यायनी आणि तिचं तान्हं बाळ. ती पुढे शिकायचं ठरवते, रेल्वेने म्हैसूरच्या कॉलेजात जायला लागते, तिथे राजाराव नावाच्या प्राध्यापकाशी तिचं मन जुळतं आणि ती पुन्हा लग्न करते.

तू म्हणशील, विधवेच्या दुःखाची कथा आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहिली. बरोबर आहे, आणि म्हणूनच मराठी वाचकाला इथे भैरप्पांचा प्रश्न किती वेगळा आहे ते चटकन दिसतं. तिने लग्न करावं का, हा इथला खरा पेच नाही. श्रोत्री तिला अडवत नाहीत. पेच आहे तो मुलाचा. मूल आईचं की वंशाचं? कात्यायनी मुलाला न्यायला सासरी येते आणि त्याला न घेताच परत जाते. तो भाग वाचताना मी पुस्तक मिटून अंगणात फेऱ्या मारल्या होत्या. श्रोत्री तिच्यावर ओरडत नाहीत, शाप देत नाहीत, निर्णय तिच्यावरच सोपवतात, आणि त्यामुळेच ते सगळं असह्य होतं. पुढे श्रोत्रींना स्वतःच्या जन्माबद्दल जे कळतं, ते इथे सांगणार नाही. एवढंच सांगतो की ज्या जमिनीवर त्यांनी आयुष्य उभं केलं तीच पायाखालून सरकते, आणि तेव्हाही ते जसे वागतात त्यावरून हा माणूस किती उंच होता ते समजतं.

हे मराठीत इतकं आपलं का वाटतं? अनुवादिकेचं कसब तर आहेच, पण दोन भाषांचा शेजारही आहे. अण्णा, अक्का, अप्पा ही नाती दोन्हीकडे नांदतात. सोवळं, श्राद्ध, पंक्ती, वाड्यातलं माजघर, यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजोळी, जत तालुक्यात, स्वयंपाकघरात कानडी आणि ओसरीवर मराठी चालायची, त्यामुळे श्रोत्रींच्या घरातले संवाद वाचताना खालून कानडीचा हेल मला ऐकू येत राहतो, आणि तरी वाक्य अस्सल मराठी असतं. हेच पुस्तक इंग्रजीत आणणाऱ्याला सोवळ्यासाठी एक वाक्य खर्च करावं लागतं आणि प्रत्येक वडीलधारा माणूस 'अंकल' होऊन बसतो.

म्हणून माझी विनंती अशी, की पुढचं अनुवादित पुस्तक घेताना ते थेट मूळ भाषेतून आलंय का ते आधी पाहा. आपल्याकडे दक्षिणेतली बरीच पुस्तकं इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या वाटेने येतात. आतल्या पानावर तसं लिहिलेलं असतंच असं नाही, पण नावं बोलतात. तमिळ आणि मल्याळममध्ये जो ळकारासारखा खास उच्चार आहे, तो इंग्रजीत 'झेड-एच' असा लिहितात. कोळिकोडचं 'कोझिकोड' आणि आलप्पुळाचं 'अलाप्पुझा' झालेलं दिसलं, की अनुवादकाच्या समोर मूळ पुस्तक नव्हतं अशी दाट शंका घ्यावी. आपण भाषेचं नाव तमिळ लिहितो, तमिझ नाही, हे लक्षात ठेवलंस तरी पुरे. वर्तमानपत्रांनी काही नावं तशीच रुळवली आहेत, तेव्हा एका नावावरून निकाल देऊ नकोस. त्यासोबत नातीही बघ. थोरला काका, धाकटा काका, मामा, आत्येचा नवरा हे सगळे एकाच शब्दात कोंबलेले असतील आणि पात्रं एकमेकांना सारखी नावानेच हाक मारत असतील, तर ती भाषा इंग्रजीतून गाळून आलेली आहे. तुला भेटलेली ती कुठल्याच गावची नसलेली माणसं बहुधा तिथूनच आली असावीत.

पण थेट अनुवादालाही एक मर्यादा आहे, आणि ती मला त्याच नंजनगूडमुळे समजली. त्याच तालुक्यात देवनूर नावाचं खेडं आहे. कन्नड लेखक देवनूर महादेव तिथले. त्यांची 'कुसुमबाले' ही कादंबरी ऐंशीच्या दशकात आली. श्रोत्रींच्या वाड्यापासून फार दूर नसलेली ही दुनिया, पण भाषा अशी वेगळी की शहरी कन्नड वाचकालाही ती पहिल्या वाचनात अवघड गेली. दलित वस्तीतली, त्या तालुक्याची बोली, तीही गद्य आणि गाण्याच्या मधली. सवर्ण घरातली कुसुमा, दलित तरुण चन्न, त्यांचं प्रेम आणि त्याची हत्या. ही गोष्ट सरळ सांगितली तर दहा ओळींत संपेल. महादेव ती लोककथेच्या चालीवर सांगतात. तिथे दिव्यांच्या ज्योतीसुद्धा रात्री जमून एकमेकींशी बोलतात.

हे मराठीत आणायचं तर कुठल्या बोलीत? मी या प्रश्नाशी खूप झगडलो आहे. कोल्हापुरी घेतली तर वाचकाला पंचगंगा दिसायला लागेल, कपिला नाही. वऱ्हाडी घेतली तर माणसं विदर्भातली होतील. प्रमाण मराठीत लिहिलं तर गोष्ट कळेल, पण ज्या लोकांनी ती भाषा स्वतःची म्हणून कागदावर आणली त्यांच्या तोंडून ती पुन्हा काढून घेतल्यासारखं होईल, आणि हे मला सगळ्यांत वाईट वाटतं. मला पटणारा रस्ता चौथा आहे: शब्द शक्यतो सगळ्या महाराष्ट्रात कळतील असे साधे ठेवायचे, गावाची खूण सांगणारी क्रियापदांची रूपं टाळायची, आणि बोलीपण वाक्याच्या लयीत आणायचं. आखूड वाक्यं, पुनरुक्ती, क्रियापद आधी टाकून कर्ता मागून येणं, ओवीसारखा एखादा शब्द परत परत येणं. असा अनुवाद मोठ्याने वाचून पाहिला की लगेच कळतं. जिभेवर चालला तर जमला. श्रोत्रींचं घर दोन्ही भाषांना आधीपासून ठाऊक होतं. महादेवांच्या वस्तीसाठी मात्र अनुवादकाला मराठीत जागा तयार करावी लागते, आणि आपल्या दलित आत्मकथनांनी त्यातली बरीच जमीन नांगरून ठेवली आहे. म्हणून मला वाटतं, इंग्रजीपेक्षा हे पुस्तक मराठीला जास्त पेलेल.

'वंशवृक्ष' मी उद्या पोस्टाने पाठवतो. त्यानंतर भैरप्पांचं 'पर्व' घे. तेही उमाताईंनीच केलं आहे. महाभारत, पण चमत्कार एकही नाही, फक्त माणसं, त्यांची भूक, त्यांची म्हातारपणं. ते जाडजूड आहे, घाईने वाचू नकोस. भैरप्पांबद्दल तू वर्तमानपत्रांतून बरेच वाद-प्रवाद वाचले असशील. त्यांच्या नंतरच्या पुस्तकांवर माझेही आक्षेप आहेत, आणि त्यावर आपण भेटल्यावर भांडूच. पण ते वाद बाजूला ठेवून आधी हे वाच.

एक कर. पहिली शंभर पानं झाली की श्रोत्रींबद्दल काय वाटतं ते मला लिहून पाठव, आणि पुस्तक संपल्यावर पुन्हा लिही. कात्यायनी मुलाला न घेता निघाली ते बरोबर केलं की नाही, हेही लिही. आमच्या घरात यावर दोन तट आहेत आणि मला तुझं मत माझ्या बाजूला हवं आहे, पण माझी बाजू कुठली ते आत्ता सांगत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश