मुकादमाची वही: अंबाजोगाईच्या सरांना आभारपत्र

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

स्पर्धेचा प्रयोग होऊन पंधरा दिवस झाले. आभार मानायला उशीर झाला, याबद्दल क्षमस्व. हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण आपण मला जे दाखवले त्याचा उपयोग आपल्या भागात एकपात्री लिहू पाहणाऱ्या इतरांनाही व्हावा.

पहिला खर्डा घेऊन मी आपल्या ओसरीवर आलो, तेव्हा त्यात ऊसतोड करणारी बाई प्रेक्षकांना आपली कहाणी सांगत होती आणि मधूनच मुकादमाचा, नवऱ्याचा, सासूचा आवाज काढत होती. मराठवाड्यात एकपात्री म्हटले की लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधील ५२ पात्रेच डोळ्यांपुढे येतात, त्याला मी तरी काय करणार! आपण शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारलेत: ही बाई हे कोणाला सांगते आहे, आणि आजच का सांगते आहे? मला दोन्हींचे उत्तर देता आले नाही.

उत्तर शोधता शोधता नाटक बदलले. आता बाई फक्त मुकादमाशी बोलते. हंगाम संपून गावी परतण्याच्या आदल्या रात्री कोपीसमोर उचलीचा हिशेब चालला आहे. नवऱ्याच्या पाठीत भरल्यामुळे जोडीचा कोयता बंद राहिला आणि त्या दिवसांचा खाडा मुकादम कापू पाहतो. सकाळी ट्रक निघाला की बोलायची संधी संपली. तिला आता सहानुभूती नको होती. वहीतला आकडा खोडून घ्यायचा होता. त्यामुळे पूर्वी नुसते वर्णन असलेली वाक्ये विनवणी, हुज्जत किंवा धमकी होऊ लागली, आणि जी यांपैकी काहीच होईनात ती मी काढून टाकली.

तरीही एक दोष राहिला होता. न दिसणाऱ्या मुकादमाचे बोलणे प्रेक्षकांना कळावे म्हणून मी ते बाईच्याच तोंडी घालत होतो: “काय म्हणता मुकादम, अकरा दिसांचा खाडा कापणार?” यावर आपण मला एक कोरी वही देऊन मुकादमाचे प्रत्येक वाक्य तीत पूर्ण लिहायला सांगितलेत. ती ६४ वाक्ये झाली. मग बाईच्या संवादांतून त्यांचे सगळे पडसाद गाळले. आता ती थांबते, ऐकते आणि म्हणते, “अकरा न्हाई, नऊ. दोन दिस तर ट्रॅक्टरच आलं न्हवतं.” मुकादम काय म्हणाला ते प्रेक्षक स्वतःच जुळवतो. तालमीत मी समोर बसून मुकादमाची वाक्ये मोठ्याने वाचत असे, नंतर कुजबुजत, शेवटी नुसती मनात. माझी बहीण भूमिका करत होती. तिच्या थांबण्याला नेमकी लांबी आली ती अशी. वाक्य मनात पूर्ण होण्याआधी उत्तर दिले, की मुकादम तिथे नाहीच हे लगेच उघडे पडत असे.

रिकाम्या रंगमंचाची माझी भीतीही तिथेच गेली. मी कोपी, चूल, मोळ्या असे पुष्कळ मागितले होते. आपण सगळे खोडलेत. मी मुकादमाला विंगेच्या बाजूला बसवले होते, त्यामुळे अर्ध्या सभागृहाला बहिणीचा फक्त गाल दिसत होता. आपण त्याला प्रेक्षकांच्या दिशेने, मध्यापासून थोडा उजवीकडे आणलेत. तो बाजेवर बसलेला असताना तिची नजर खाली असते, आणि ती हातभर वर गेली की तो उठला हे कळते. डावीकडे जमिनीवर तिचे लेकरू झोपलेले आहे, म्हणून तिथे गेल्यावर आवाज खाली येतो. एका तालमीत हुज्जतीच्या भरात ती त्या जागेवरून सरळ चालत गेली आणि पाहायला आलेल्या शेजारच्या काकू “अगं, लेकरू!” म्हणून ओरडल्या. त्या दिवसापासून तिथे खडूची खूण असे.

वेळेचा अंदाज मात्र माझाच चुकला. वाचनात बरोबर ३० मिनिटांत बसणारी संहिता उभ्या तालमीत ३४ मिनिटे चालली, कारण मुकादमाची न उच्चारलेली वाक्येही वेळ खात होती. सुरुवातीची तिच्या लग्नाची सगळी हकीकत त्यासाठी कापली. लिहिताना तीच मला सर्वांत आवडली होती.

संहितेला बक्षीस नाही. बहिणीला अभिनयाचे उत्तेजनार्थ मिळाले. आपण गाळायला सांगितलेले शेवटचे वाक्य, ज्यात ती प्रेक्षकांकडे वळून बोलते, ते मी हट्टाने ठेवले होते. प्रयोगात बहिणीने ते उच्चारलेच नाही. ती नुसती वहीकडे पाहत उभी राहिली आणि अंधार झाला. मी विचारल्यावर म्हणाली, “मुकादम अजून समोरच होता, मी वळणार कशी?”

आपली वही येत्या रविवारी आणून देतो.

आपला कृतज्ञ,
केज तालुक्यातील एक विद्यार्थी