अर्जातला ‘200’ हा आकडा

संपादक महोदय,

दिवाळी पहाट, भजनसंध्या, व्याख्यानमाला अशा छोट्या कार्यक्रमांच्या परवानगीसाठी मंडळे प्रभाग कार्यालयात जो अर्ज देतात, त्याबद्दल हे पत्र आहे. आमच्या मंडळाचा अर्ज गेली काही वर्षे मीच लिहितो. 2024 पर्यंत मी फक्त मागच्या वर्षीची तारीख खोडून नवी घालत होतो. ‘अंदाजे उपस्थिती : 200’ ही ओळ तशीच राहायची. आकडा लहान असला की कोणी प्रश्न विचारत नाही, हे सगळ्याच मंडळांना माहीत आहे.

31 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे आमच्या मैदानात किती लोक होते, ते नंतर कळले. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून एकाने सव्वासातला फोटो काढला होता. त्यावर चौकोन आखून आम्ही डोकी मोजली, ती सहाशेच्या आसपास भरली. मैदानाला तीन मीटरचे मोठे फाटक आहे, पण त्याच्या तोंडाशीच साउंडवाल्याचा टेम्पो उभा होता. मागच्या छोट्या फाटकाची एकच झडप उघडी होती, जेमतेम एक मीटर. भैरवी संपली आणि सगळे एकदम उठले. त्या झडपेपाशी चपलांचा ढीग पडला होता. त्यात पाय अडकून एक आजी पडल्या, त्यांच्यावर मागचे दोघे पडले. खरचटण्यावर निभावले. पण मागच्यांना पुढे काय झाले ते दिसत नव्हते आणि ते पुढे सरकतच होते. मांढरदेवीच्या जत्रेत 25 जानेवारी 2005 ला तीनशेच्या आसपास माणसे गेली, तिथेही वाट अरुंद होती आणि मागून रेटा होता.

सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 80 माणसे बाहेर पडतात. पायऱ्या असतील तर त्याहून कमी. म्हणजे सहाशे जणांना त्या झडपेतून बाहेर पडायला साडेसात मिनिटे लागणार होती, तीही कोणी न अडखळता. दुसरी झडप उघडली असती तर चार मिनिटांच्या आत मैदान रिकामे झाले असते. त्या झडपेला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते.

म्हणून 20 ऑक्टोबर 2025 च्या कार्यक्रमाचा अर्ज मी कोऱ्या कागदावर लिहिला. त्यातला मुख्य भाग असा होता :

‘मैदान दि. 19 ऑक्टोबर दुपारी 2 पासून उभारणीसाठी, 20 रोजी कार्यक्रमासाठी आणि 21 रोजी दुपारी 12 पर्यंत आवराआवरीसाठी मिळावे. एका वेळी जास्तीत जास्त 650 व्यक्ती अपेक्षित, त्यांपैकी 350 खुर्च्यांवर. खुर्च्या चार-चार एकत्र बांधलेल्या असतील. मोठ्या फाटकासमोर वाहन उभे राहणार नाही. छोट्या फाटकाच्या दोन्ही झडपा उघड्या राहतील, किल्ली तिथल्या स्वयंसेवकाकडे असेल. चपला फाटकापासून दूर, भिंतीलगत. पणत्या मंडपाच्या कापडाजवळ लावल्या जाणार नाहीत. नकाशा सोबत जोडला आहे.’

बाहेर पडण्याचा हिशेब मी मोठे फाटक न धरता केला होता. नेमके तेच फाटक अडले तर काय, हाच प्रश्न असतो. वेळेचीही एक चूक सुधारली. आम्ही दर वर्षी साडेपाचला सुरुवात लिहायचो, पण उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. म्हणून ध्वनिक्षेपक सहापासून मागितला आणि पहिली भूपाळी माइकशिवाय झाली. पुढच्या रांगांत ती छान ऐकू आली.

अर्ज घेताना खिडकीवरचे गृहस्थ काळजीने म्हणाले, “650 कशाला लिहिता? 200 लिहा, लवकर होईल.” मी आकडा बदलला नाही. आठ दिवस जास्त गेले. पोलीस ठाण्यातून एकजण जागा पाहून गेले आणि कार्यक्रमाच्या दिवशी चौकात वाहतुकीसाठी दोन हवालदार मिळाले. 200 लिहिले असते तर ते आले नसते.

माझी प्रशासनाला विनंती एवढीच आहे. छापील अर्जात ‘अंदाजे उपस्थिती’ ऐवजी ‘एका वेळी जास्तीत जास्त उपस्थिती’ असे विचारावे आणि त्याखाली प्रत्येक फाटकाची मीटरमधली रुंदी मागावी. खरा आकडा लिहिणाऱ्याचा अर्ज त्या कारणाने मागे पडू नये. मंडळांनीही पुढच्या कार्यक्रमात गच्चीवरून एक फोटो काढून डोकी मोजावीत. टेप घेऊन फाटक मोजायला पाच मिनिटे लागतात.

— एका सार्वजनिक मंडळाचा कार्यकर्ता