वाकडच्या किचनचा हिशेब

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला तेव्हा बाबा म्हणाले, "पोरगा नोकरी सोडतोय, तू काहीच का बोलली नाहीस?" नोकरी सोडण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला खटकलं ते तुझं दुसरं वाक्य. वाकडला थाळीचं किचन काढायचं, तळघरातली एक खोली, बसायची सोय नाही, रस्त्यावर पाटी नाही, सगळ्या ऑर्डरी जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपवरून. "गिऱ्हाईक शोधायलाच नको, आई," असं तू म्हणालास. फोनवर मला हे नीट मांडता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

तू थाळी दोनशे रुपयांना विकणार आहेस. तुझेच आकडे धरते. कच्चा माल ८० रुपये, डबा-पिशवी-चमचा १४ रुपये, भाडं, गॅस, वीज आणि दोन बायकांचा पगार मिळून एका थाळीमागे ४५ रुपये. म्हणजे अ‍ॅपला द्यायच्या आधी ६१ रुपये उरतात. तुला सांगितलेलं कमिशन १८ टक्के, म्हणजे ३६ रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, ते साडेसहा रुपये तू धरलेच नव्हतेस. आणि पाच टक्के जीएसटीवाल्या खानावळीला तो परतही मिळत नाही, तो खर्चच. ६१ मधून साडेबेचाळीस गेले, हातात साडेअठरा.

आता उद्या कमिशन २५ टक्के झालं असं समज. नुसतं ऐकलं तर सात टक्केच वाढले वाटतात. पण पन्नास रुपये कमिशन आणि नऊ रुपये जीएसटी, एकूण ५९ गेले. तुझ्या हातात दोन रुपये. तुझी थाळी तीच, चव तीच, गिऱ्हाईक तेच, आणि नफा साडेअठरावरून दोनवर. कमिशन विक्रीच्या रकमेवर लागतं आणि कापलं जातं ते तुझ्या उरलेल्या पैशातून, हे डोक्यात पक्कं बसव. तुझ्या थाळीची मर्यादा साधारण पावणेसव्वीस टक्के आहे. त्याच्या पुढे प्रत्येक ऑर्डर तोट्यात. हा एक आकडा काढल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

तू म्हणशील, दर वाढवू. वाढव. पण वाढवलेल्या रुपयावरही कमिशन लागतं. गेलेले साडेसोळा रुपये परत मिळवायला थाळी तेवीस-चोवीस रुपयांनी महाग करावी लागते, आणि त्याच पडद्यावर शेजारची थाळी दोनशेलाच दिसत असते.

वाढ दरवेळी कमिशनच्या नावाने येईलच असंही नाही. कधी ती सवलतीतला तुमचा वाटा म्हणून येते, कधी वर दिसायचं असेल तर जाहिरात घ्या म्हणून. तेव्हा कमिशन सवलतीआधीच्या रकमेवर की नंतरच्या, पॅकिंगचे पैसे त्यात धरतात का, दर बदलायची सूचना किती दिवस आधी, हे करारातून शोधून काढ. "काम चालू ठेवलं म्हणजे नवे दर मान्य" अशा अर्थाचं एखादं कलम त्यात असेल, तेही दोनदा वाच.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले नाही, हे तुला थोडंफार ठाऊक आहेच. तू हॉस्टेलला होतास तेव्हा आपली खानावळ अ‍ॅपवर गेली, १५ टक्के कमिशनने. पहिले सहा महिने मला लॉटरी लागल्यासारखं वाटत होतं. काउंटरवरचा टॅबलेट टिंग करायचा आणि मी भाजी फोडणीला टाकायचे. एवढं सोपं झालं की बँकेतल्या आणि कॉलेजातल्या लोकांचे चाळीस डबे मी स्वतःहून बंद केले. डबे पोचवा, परत आणा, महिनाअखेर पैसे मागा, कोण करतंय? ही चूक माझी, अ‍ॅपची नाही.

मग एका गुरुवारी रात्री मेल आला. येत्या सोमवारपासून २२ टक्के. फोन केला, तर समोरचा मुलगा गोड बोलून "मॅडम, सिस्टीमनेच आहे" एवढंच सांगत राहिला. तेव्हा आपला जवळजवळ तीन चतुर्थांश धंदा त्या टॅबलेटवर होता, तो बंद करायची सोय नव्हती. बाबा म्हणाले, आपल्या गिऱ्हाइकांना सांग थेट फोन करायला. मी वर्षभराचा हिशेब काढला, अकराशेच्या वर ऑर्डरी होत्या. नंबर एकाचाही नाही! नावापुढे फुल्या. ती माणसं आपल्या हातचं जेवत होती, पण गिऱ्हाईक दुसऱ्याचं होतं. शेवटी डबा घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन फिरवले, चाळीसपैकी सोळा परत आले. बाकीच्यांनी दुसरीकडे लावले होते, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"मग दोन अ‍ॅप घेतो," असं तू म्हणणार. दोन असली तरी दुकान एकाच बाजारात आहे. एकाने दर वाढवला की दुसऱ्याला कमी ठेवायचं फारसं कारण राहत नाही. आणि दोनची एक व्हायलाही वेळ लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये उबर ईट्सने भारतातला धंदा झोमॅटोला विकला, तेव्हा त्यावर नाव असलेल्या हॉटेलांना कुणी विचारलं नव्हतं.

अ‍ॅपवर जाऊच नकोस असं नाही म्हणत मी. रात्री अकराला बिर्याणी विकणाऱ्याचं गिऱ्हाईक खरंच तिथेच असतं, आणि नव्या माणसाला चव कळायला तो रस्ता बरा आहे. पण थाळी हा रोजचा, त्याच माणसाचा धंदा. वाकडला ऑफिसं आहेत, एकेकट्या राहणाऱ्या पोरांच्या खोल्या आहेत. महिन्याच्या डब्याचा हिशेब करून बघ. एक पोरगा बारा हजार पगारावर एका फेरीत पंचवीस डबे पोचवतो, सव्वीस दिवस. पेट्रोल धरून डब्यामागे वीस-बावीस रुपये. स्टीलचा डबा परत येतो म्हणून पॅकिंगचे चौदाही वाचतात. कटकट आहेच. सुट्टीचे दिवस, उधारी, हरवलेली झाकणं, "आज भेंडी नको". पण दर ठरवणं तुझ्या हातात.

माझा आग्रह एवढाच, की आधी पंचवीस-तीस डबे लागू देत, मग खोलीचं डिपॉझिट भर. अ‍ॅपची ऑर्डर त्यावर वरकड म्हणून घे. दर रविवारी वहीत दोन आकडे लिही: आठवड्याच्या विक्रीतला अ‍ॅपचा वाटा किती, आणि ज्यांना तू स्वतः फोन करू शकतोस अशी गिऱ्हाइकं किती. पहिला आकडा तिसऱ्या हिश्शाच्या वर जायला लागला की डबे वाढव, जाहिरात नाही. पार्सलमध्ये आपला नंबर टाकायचं मनात असेल तर आधी करार बघ, गिऱ्हाईक वळवायला मनाई असू शकते.

माळ्यावर आपले जुने डबे अजून आहेत. काल बाबांनी उतरवून मोजले, चौतीस निघाले. त्यातल्या अकरांची झाकणं बसत नाहीत, ती दुकानात दाखवून बघते. येशील तेव्हा गाडी घेऊन ये, बसमध्ये ते खडखडतात.

तुझी,
आई