विषय: एएचयूचं पाणी पंखा बंद केल्यावरच बाहेर पडतं (तक्रार तिसऱ्यांदा)

महोदय,

आज सकाळी तुमच्या सर्व्हिस सेंटरशी झालेल्या बोलण्यानंतर फोन करणं बंद केलंय. आता लेखीच.

मडगावच्या आमच्या हॉटेलात बँक्वेट हॉलच्या वरच्या खोलीत तुमचं एएचयू आहे. पंखा चालू असला की ड्रेनमधून थेंब येत नाही. बंद केला की भसकन पाणी येतं, फ्लोअर ट्रॅपला आवरत नाही आणि खाली हॉलच्या फॉल्स सीलिंगवर उतरतं. जूनपासून चार टाइल्स बदलल्या.

आजचं संभाषण जसंच्या तसं देतो. तुमचा माणूस म्हणाला, "सर, गोव्यात पावसाळ्यात दमटपणा असतोच, पाणी होणारच." मी म्हटलं, पाणी होतं ही तक्रार नाही, ते जात नाही ही तक्रार आहे. मागे कपबशा वाजत होत्या. मग म्हणाला, "ट्रॅपमुळे अडत असेल, कापून पाइप सरळ सोडा." मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं.

तो प्रयोग जूनमध्ये तुमच्याच माणसाने केलाय. ट्रॅप काढल्यावर पाइपच्या तोंडाशी टिश्यू धरला, तो आत ओढला गेला. वर पॅनमध्ये पाण्याचं कारंजं. पंखा कॉइलनंतर बसतो, म्हणजे पॅन शोषणात असतो, हे तुम्हाला मी शिकवायचं?

पारदर्शक नळीत पाणी भरून मी मोजलं: फिल्टर मळलेले असताना पॅनजवळ शोषण 62 मिमी. तुम्ही दिलेल्या ट्रॅपचं बाहेरचं तोंड पॅनच्या ड्रेनपेक्षा फक्त 40 मिमी खाली. म्हणजे पाणी वाहायला लागण्याआधी पॅनमध्ये ड्रेनच्या वर 22 मिमी साचणारच. कॉइलचा खालचा भाग त्यात बुडतो, वारा थेंब पुढे उडवतो. पंखा थांबला की तेच साचलेलं पाणी एकदम सुटतं. हा दोष गोव्याच्या हवेचा नाही.

हवं होतं 62 अधिक 25, म्हणजे 87 मिमी. त्याखाली सील साधारण त्याच्या निम्मं, 44 मिमी, कारण पंखा सुरू होताना एका बाजूचं पाणी जितकं चढतं तितकंच दुसऱ्या बाजूचं उतरतं. त्यात पाइपचा व्यास धरला की ड्रेनखाली 170 मिमी तरी जागा लागते. तुमच्या बेस फ्रेमवर ती 100 मिमी आहे! योग्य ट्रॅप आम्ही जमीन फोडून बसवायचा का? युनिट विकताना ही बेरीज कुणीच केली नाही?

चवथीआधी युनिट उचलून उंच फ्रेम आणि साफ करता येईल असा खोल ट्रॅप तुमच्या खर्चाने बसवा. तोवर एएमसीचा पुढचा हप्ता मिळणार नाही, आणि दुसऱ्या इमारतीसाठी तुमच्याकडून मागवलेलं कोटेशन मी आज फाडलं. वीस वर्षं तुमचंच नाव सुचवत आलो, त्याची आता लाज वाटते.

पुढच्या वेळी पाठवाल त्या माणसाच्या खिशात मोजपट्टी असू द्या. टाइल्सचं बिल सोबत जोडलंय. पाचवी टाइल काल ओली झाली.

मेंटेनन्स इंजिनिअर
मडगाव