निरोपाचे भाषण दुरुस्त करून देणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई यांस,
सादर नमस्कार.

आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ सहकारी ओमानला रुजू होण्यासाठी निघाले, त्यांच्या निरोप समारंभातील माझे भाषण आपण शेजारधर्म म्हणून दुरुस्त करून दिलेत. त्याबद्दल आभार मानायचेच आहेत. पण आपण नेमके काय बदललेत तेही लिहून ठेवावेसे वाटते, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असे समारंभ सतत होत असतात आणि त्यांतली भाषणे बहुधा आमच्या पहिल्या मसुद्यासारखीच असतात.

त्या मसुद्यात विभागातल्या सगळ्यांनी गोळा केलेल्या फिरक्या होत्या. सर्वांत मोठी फिरकी उशिरा येण्याची होती: "साहेब रोज भुसावळहून येतात, आणि गाडी वेळेवर आली तरी साहेब लेटच असतात." आपण वाचलेत आणि विचारलेत, "पहिल्या रांगेत कोण बसणार?" त्यांच्या आई, पत्नी आणि व्यवस्थापक, असे मी सांगितले. कार्यालयात रोज चालणारी थट्टा तिथल्यांना गोड लागते, कारण थट्टा करणारा दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी बसून डबा खातो, हे त्यांना ठाऊक असते. आईला मात्र एवढेच ऐकू येते की मुलगा कामावर उशिरा जात होता. शिवाय हार घालून खुर्चीवर बसवलेल्या माणसाला उलट उत्तरही देता येत नाही, हे आपण म्हणालात ते मला फार पटले.

मग फिरक्या काढून "मनमिळाऊ, हसतमुख, कर्तव्यदक्ष" असे शब्द घातले, तर तेही आपण खोडलेत. हे शब्द गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या शिपायालाही लावले होते ना, असे आपण विचारलेत, आणि ते खरेच होते. त्यापेक्षा प्रत्येक थट्टेच्या मागे जाऊन ती सवय लागली कशामुळे ते शोधायला सांगितलेत. सकाळच्या उशिराच्या मागे संध्याकाळ होती. ठिबक संचाच्या तक्रारींचे फोन शेतकरी दिवेलागणीनंतर करतात, कारण वीज कधी येईल त्यावर त्यांचे पाणी देणे अवलंबून असते. त्या वेळी आमच्या टेबलांवर कोणी नसे आणि साहेब मात्र फोनवर असत.

म्हणून नव्या मसुद्यात एकच प्रसंग आला. अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याच्या कपाशीत नळ्यांच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोहोचत नव्हते आणि तो पंप बदलायला निघाला होता. साहेबांनी त्याला अहिराणीत थांबवले: "दादा, पहिले फिल्टर देख, मंग माले सांग." फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब किती आहे ते त्यांनी त्याच्याकडून वाचून घेतले. फरक फार निघाला, म्हणजे जाळी गाळाने भरली होती; ती धुतल्यावर नळ्यांची टोके उघडून साचलेला गाळही वाहू द्यायला लावला. पाणी टोकाला पोहोचेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही, आणि भुसावळची गाडी निघून गेली. उशिराचा उल्लेख भाषणात राहिला, पण आता तो या प्रसंगाच्या पाठोपाठ येत होता.

दुसरी दुरुस्ती क्रियापदांची. मी लिहिले होते, "ते सर्वांच्या मदतीला धावून जायचे, त्यांचा स्वभाव शांत होता." आपण समासात लिहिलेत: "शोकसभा आहे का?" घडून गेलेला प्रसंग भूतकाळात आणि स्वभाव वर्तमानकाळात, एवढ्या बदलाने माणूस मस्कतला निघाला आहे, जगातून नव्हे, हे कानाला कळू लागले. (माझ्या मते निम्मी निरोपाची भाषणे इथेच घसरतात.)

विनोद आपण एक ठेवलात, पण त्याची दिशा फिरवलीत. "साहेब चहाचे पैसे कधी देत नाहीत" याऐवजी त्यांच्या डब्यातली शेवभाजी आम्ही चौघे रोज संपवतो आणि ते कँटीनचा वरणभात खातात, असे झाले. हसू आमचे झाले. तो सुरुवातीलाच ठेवायला सांगितलात, कारण शेवटी हशा पिकला की त्यामागून "तुम्ही" म्हणून थेट बोललेली दोन वाक्ये कोणाला ऐकू जात नाहीत. लांबीही निम्मी झाली. मिनिटाला साधारण शंभर शब्द धरून चार मिनिटांचे.

समारंभात त्यांच्या आईंनी ते अहिराणी वाक्य पुन्हा म्हणायला लावले आणि माझा उच्चार सुधारून दिला. साहेबांनी भाषणाचा कागद मागून घेतला. आपल्या लाल शाईच्या खुणांसह तोच दिला आहे, नवी प्रत काढलेली नाही. आपली परवानगी न विचारता दिला, त्याबद्दल राग नसावा.

आपली नम्र,
शेजारच्या वाड्यातील विद्यार्थिनी