फोटोखालची ओळ

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पाकिटात मन्याचा फोटो आहे. आगगाडीतला, खिडकीपाशी बसलेला, पाठमोरा. मागे फोनवर बाबा म्हणाले, "फोटो चांगलाय, पण खाली काही लिहून पाठव, म्हणजे अल्बममध्ये लावतो." मी लगेच लिहून टाकलं होतं: "मन्याचा पहिला रेल्वे प्रवास, सातारा ते सांगली." मग ते खोडलं, आणि तेव्हापासून चार दिवस ओळ काही सुचेना. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई मध्येच जेवणाचं विचारते, म्हणून सगळं कागदावरच सांगते.

पेपरात होते तेव्हा आठ वर्षं मी फोटोओळी लिहिल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या डेस्कवरच्या जुन्या उपसंपादकांचा एक साधा नियम होता: फोटोत जे दिसतंय ते ओळीत लिहायचं नाही. मूल खिडकीत बसलंय हे वाचणाऱ्याला दिसतंच. "निसर्गात रमलेला चिमुकला" असं लिहिलं की ते हातातली पेन्सिल कानामागे खोचून नुसते बघत बसायचे. जे फोटोत येऊ शकत नाही ते ओळीत यावं. म्हणजे आवाज, आधीचा क्षण, नंतरचा क्षण, कुणी काय म्हटलं ते.

"सातारा ते सांगली" याचीही तीच अडचण. हे सव्वाशे किलोमीटर आपण मोठ्यांनी मोजलेले. तुम्ही सांगलीच्या स्टेशनवर उभे होतात, म्हणून तुमच्या लेखी तो प्रवास सांगलीला येण्याचा. मन्याच्या लेखी सांगली नव्हतीच. उतरायची वेळ झाली तेव्हा तो खिडकीचा गज धरून रडला, ते बाबांनी पाहिलंय. आबा-आजी प्लॅटफॉर्मवर उभे आहेत आणि पोरगं उतरायला तयार नाही, याचं आईला जरा वाईट वाटलं असणार. वाटून घेऊ नकोस गं आई. त्याचं काम अर्धवट राहिलं होतं.

काय काम, तेच सांगते.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, त्यामुळे हक्काची जागाही मिळत नाही. कोयना एक्सप्रेसला गर्दी होती. खिडकीत एक आजी होत्या, रहिमतपूरच्या. त्यांनी स्वतःच सरकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसू दे त्याला, मला काय बघायचंय, जन्म गेला हिकडं." मन्या गुडघे दुमडून बसला, नाक दोन गजांच्या मध्ये. पहिली पंधरा-वीस मिनिटं मीच बोलत होते. तो बघ ऊस, तो बघ जरंडा, ते बघ बैल. तो "हं" म्हणायचा. मग माझ्या लक्षात आलं की मी दाखवते ते तो बघतच नाहीये. मी लांबचं दाखवत होते आणि तो खाली बघत होता.

तो दुसरा रूळ बघत होता.

बाबा, तुम्ही आयुष्यभर या मार्गानं आलात-गेलात, तरी हे कधी बघितलंय का? मी नव्हतं बघितलं. गाडी स्टेशनाच्या जवळ येते तेव्हा आपल्या रुळातूनच एक दुसरा रूळ बाहेर पडतो. आधी आपल्याला चिकटलेला असतो, मग तिरका लांब जातो, थोडा वेळ शेजारून सरळ पळतो, आणि स्टेशन संपलं की पुन्हा तिरका येऊन आपल्या गाडीखाली शिरतो. मालगाडी बाजूला उभी करून मागच्या गाडीला पुढे काढायची तर ही बाजूची लाइन लागते, आणि ती आपल्या लाइनीला दोन्ही टोकांना सांध्यानं जोडलेली असते. एक अख्खी मालगाडी मावावी म्हणून तिची लांबी साधारण सहा-सातशे मीटर. गाडी न थांबता ताशी ऐंशीनं निघाली, तर रूळ निघाल्यापासून परत येईपर्यंत जेमतेम अर्धं मिनिट जातं.

हे अर्धं मिनिट मन्यानं शोधून काढलं होतं. त्याला लूप लाइन वगैरे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की एक रूळ घरातून बाहेर पडतो आणि थोड्या वेळानं घरी येतो. पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या स्टेशनाला माझा हात घट्ट धरला. तिसऱ्या वेळी रूळ लांब गेल्यावर मान वळवून मागे-पुढे शोधायला लागला, आणि तो गाडीखाली शिरताना खालून खडखड झाली तशी ओरडला, "आई, तो परत आला!"

ती खडखडही लक्षात घेण्यासारखी आहे. बाबा, तुम्ही मला लहानपणी शिकवलं होतं की रुळाच्या जोडावर चाक आपटलं की ठोका पडतो, एक रूळ तेरा मीटरचा, आणि घड्याळ लावून सत्तेचाळीस सेकंदांत जितके ठोके मोजाल तितका गाडीचा ताशी वेग. मन्याला ते शिकवावं म्हणून मी घड्याळ काढून बसले, तर ठोकेच नाहीत. आता रूळ लांबच लांब वितळवून जोडलेले असतात, त्यामुळे मधला बहुतेक प्रवास नुसत्या घरघरीचा. आवाज बदलतो तो सांध्यावर, कारण तिथं रुळाला अजून खाचा आहेत. म्हणून मन्याला रूळ दिसायच्या आधी ऐकू येत होता. खडखड झाली की तो खाली बघायचा. तुमच्या ठोक्यांचं गणित बुडालं, पण कान लावायची सवय नातवात आपोआप उतरली असं म्हणायला हरकत नाही.

आता ओळीकडे येते. पोरानं दिवसभरात आणखी एक भारी वाक्य टाकलं होतं, आणि खरं सांगते, ते मी फोटोखाली जवळजवळ लिहिलंच होतं. एका स्टेशनात आम्ही उभे असताना शेजारून दुसरी गाडी गेली. तिच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली असते. गाडी पुरती गेली, मध्येच डबा सुटून मागे राहिलेला नाही, हे स्टेशनातल्या माणसाला कळावं म्हणून ती असते. मन्या ती फुली बघून एकदम गंभीर झाला. "आई, ती गाडी चुकली." त्याच्या बालवाडीत बाई चुकलं की फुली मारतात! समोरचे काका इतके हसले की त्यांचा चहा सांडला.

हे वाक्य कुठल्याही फोटोखाली शोभेल. म्हणूनच मी ते घेतलं नाही. तुमच्याकडे पाठवलाय तो फोटो त्या क्षणाचा नाही. मी फोनमधल्या वेळा तपासल्या. त्याच्या आधीच्या फोटोत शेणोलीची पाटी अर्धवट आलीय, आणि फुलीवाली गाडी त्याच्या बऱ्याच आधी गेली होती. एका क्षणाचं बोलणं उचलून दुसऱ्या क्षणाच्या फोटोखाली चिकटवलं की ओळ गोड होते, पण खोटी होते. घरच्या अल्बमला कोण विचारणार, असं आई म्हणेल. कुणीच विचारणार नाही. पण वीस वर्षांनी मन्या फोटो हातात घेईल तेव्हा त्याच्याकडे त्या ओळीशिवाय दुसरं काही नसेल, आणि ती ओळच त्याची आठवण होऊन बसेल.

फोटो नीट बघा. वर लांबचा डोंगर स्वच्छ आलाय, अगदी कडेसकट. मधला ऊस थोडा हललाय. आणि सगळ्यात खाली, गजाजवळ, गवताच्या नुसत्या आडव्या रेघा झाल्यात. आईला वाटलं फोटो बिघडला. बिघडला नाहीये. गाडी तीच, वेग तोच, पण जवळची वस्तू डोळ्यासमोरून झरकन सरते आणि लांबची हळू, म्हणून डोंगर आपल्याबरोबर चालल्यासारखा वाटतो. त्या रेघांमध्येच एक चकाकणारी तिरकी रेघ आहे, ती बोटानं शोधा. तोच रूळ. मन्याची मान तिकडेच वळलीय. म्हणजे फोटो काढला तेव्हा रूळ लांबून परत येत होता, आणि खडखड व्हायला एक-दोन सेकंद बाकी होते.

तर ओळ अशी:

"आई, तो परत आला!"

एवढीच. बाबा, कोण परत आला ते कंसात लिहू नका. बघणारा विचारेल, मग सांगायचं.

तुमचंही बरोबर आहे, गाव आणि तारीख हवीच. आपल्याकडच्या जुन्या फोटोंमध्ये निम्मी माणसं कोण आहेत ते आता सांगता येत नाही, कारण मागे कुणी काही लिहिलंच नाही. फक्त ते पुढे नको. "१८ जानेवारी २०२५, शनिवार, शेणोलीजवळ, कोयना एक्सप्रेस, मन्या साडेचार वर्षांचा" असं अल्बमच्या पानावर, फोटोच्या शेजारी, पेन्सिलीनं लिहा. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका. दाबलं की पुढच्या बाजूला वळ उमटतात, आणि या गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही, पलीकडच्या फोटोला लागते. डिंकही नको, काही वर्षांत पिवळा पडतो. कागदी कोपरे सोबत ठेवलेत, आठ आहेत, चार पुरतात.

ओळ मी मोठ्या अक्षरात वेगळ्या चिठ्ठीवर काढून दिलीय, चष्मा नसला तरी दिसेल.

आणि रडण्याचं राहिलंच. सांगलीत शिरताना एक रूळ बाहेर पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. मन्या मोजत होता. गाडी थांबली, आणि ते तिन्ही अजून बाहेरच होते. त्यांना सोडून उतरायला तो तयार नव्हता. परतीच्या गाडीत मुद्दाम पलीकडच्या खिडकीत बसला, तिकडचेही घरी येतात का बघायला. येतात म्हणे. पण मिरजेकडं गेलेल्यांचं काय झालं ते आबांना विचार, असं सांगितलंय.

तुमची,
सुमा